बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे दातांचे इम्प्लांट आणि हिरड्यांचे ऑपरेशन जास्त वेळा का फसते? किती आधी आणि किती दिवस थांबावे?

दात काढल्यावर रिकाम्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरले किंवा हलणारे दात वाचवण्यासाठी हिरडीचे ऑपरेशन करायचे ठरले, की दंतवैद्य एक प्रश्न हमखास विचारतात : "बिडी, सिगारेट, तंबाखू काही घेता का?" बरेच जण "कधीतरी" असे मोघम उत्तर देतात. दातांचे काम आणि फुफ्फुसांत जाणारा धूर यांचा काय संबंध, असेही त्यांना वाटते.

मी बदनापूरला जनरल प्रॅक्टिस करतो. शुगर आणि बीपी तपासून फिटनेस द्यावा, म्हणून दंतवैद्य त्यांचे पेशंट माझ्याकडे पाठवतात. इम्प्लांट बसवणे हे माझे काम नाही, ते दंतवैद्याचे काम आहे. पण जखम कशी भरते आणि धुरामुळे ती का भरत नाही, हा सगळ्या शरीराचा विषय आहे. आणि तंबाखू सोडवण्याचे काम बहुतेक वेळा आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडेच येते. म्हणून हा लेख मुख्यतः एका गोष्टीसाठी आहे : ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे नेमके कोणते आठवडे महत्त्वाचे असतात आणि का.

इम्प्लांट हाडात "धरते" म्हणजे काय होते?

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा एक छोटा स्क्रू. साधारण ४ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब. दंतवैद्य हिरडी उघडतात, जबड्याच्या हाडात थंड सलाईन सोडत हळूहळू छिद्र पाडतात आणि हा स्क्रू त्यात घट्ट फिरवून बसवतात. सलाईन यासाठी की ड्रिलने हाड तापले तर तिथल्या पेशी मरतात.

त्या दिवशी स्क्रू घट्ट असतो, पण तो भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा. जुन्या हाडाने त्याला नुसते आवळून धरलेले असते. खरी पकड पुढे तयार होते. स्क्रूभोवती आधी रक्ताची गुठळी होते, तिच्यात बारीक नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यांच्या मागोमाग हाड बनवणाऱ्या पेशी येतात. त्या टायटॅनियमच्या पृष्ठभागावर नवे हाड घालतात. धातूला हाड असे थेट चिकटते, हे स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले.

या काळात एक नाजूक टप्पा येतो. ड्रिलने दुखावलेले जुने हाड शरीर हळूहळू विरघळवून टाकते, म्हणून सुरुवातीची आवळलेली पकड सैल होत जाते. नवे हाड अजून पुरेसे तयार झालेले नसते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुनी पकड कमी झालेली आणि नवी अपुरी, अशी स्थिती असते. त्यानंतर नवे हाड भराभर वाढते. आठव्या आठवड्यापर्यंत ते बऱ्यापैकी धरते आणि खालच्या जबड्यात सुमारे तीन महिन्यांनी त्यावर दाताची टोपी, म्हणजे क्राऊन, बसवता येते. वरच्या जबड्याचे हाड जास्त पोकळ, मऊ असते, म्हणून तिथे चार ते सहा महिने थांबावे लागू शकते.

थोडक्यात, इम्प्लांटचे भवितव्य पहिल्या दोन महिन्यांत बऱ्याच अंशी ठरते. आणि त्या दोन महिन्यांतली प्रत्येक पायरी रक्तपुरवठ्यावर अवलंबून असते.

धूर नेमके काय बिघडवतो?

पहिली गोष्ट निकोटीनची. ते बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. हिरडीत आणि नुकत्याच टाके घातलेल्या भागात याच बारीक वाहिन्या असतात. एक बिडी ओढली की काही काळ तिथले रक्त कमी होते. दिवसातून पंधरा वेळा ओढली, तर ती जखम जवळजवळ दिवसभर अर्धपोटी राहते.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. जळत्या तंबाखूतून हा वायू निघतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. म्हणजे आधीच कमी आलेल्या रक्तात ऑक्सिजनही कमी. नवे हाड घालणाऱ्या पेशींना याचा थेट फटका बसतो.

तिसरी गोष्ट आपल्या संरक्षक पेशींची. धुरामुळे पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचून त्यांना मारण्याचे काम नीट करत नाहीत, आणि जखम सांधणाऱ्या, तंतू विणणाऱ्या पेशीही मंदावतात. तोंडात जंतू कायमच असतात. तिथे ही ढिलाई महाग पडते.

बिडीला फिल्टर नसतो आणि ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा जोरात ओढावी लागते. त्यामुळे "सिगारेट नाही, मी फक्त बिडी ओढतो" हा बचाव इथे चालत नाही. हुक्क्यातही कार्बन मोनॉक्साइड असतोच.

फरक किती पडतो?

१९९३ मध्ये बेन आणि मॉय या दोन दंततज्ज्ञांनी सुमारे ५४० रुग्णांमधील २,१९४ इम्प्लांटचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये पाच टक्क्यांपेक्षा थोडी कमी इम्प्लांट फसली. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अकरा टक्क्यांच्या वर होते. त्यानंतर इम्प्लांटचे पृष्ठभाग सुधारले, फसण्याचे एकूण प्रमाण कमी झाले, पण ओढणारे आणि न ओढणारे यांच्यातले अंतर राहिले. नंतरचे एकत्रित अभ्यासही धोका साधारण दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक असल्याचेच सांगतात. वरच्या जबड्यात आणि हाड भरून, म्हणजे बोन ग्राफ्ट करून बसवलेल्या इम्प्लांटमध्ये जास्त काळजी लागते. रोज ओढण्याचे प्रमाण जितके जास्त, तितका धोका जास्त.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. ओढणाऱ्यांचीही बहुतेक इम्प्लांट टिकतात. म्हणून "शेजारचा ओढतो, त्याचे काही झाले नाही" हे खरे असू शकते. पण शंभरातली पाच आणि शंभरातली अकरा यांत जो फरक आहे, तो ज्याचे इम्प्लांट पडते त्याला पूर्ण भोगावा लागतो. स्क्रू काढावा लागतो, त्यासोबत थोडे हाड जाते, खड्डा भरण्याची महिनोन्महिने वाट पाहावी लागते, आणि पुढच्या वेळी आधीपेक्षा कमी हाड शिल्लक असते.

हिरडीच्या ऑपरेशनचे काय?

पायोरिया झाल्यावर दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल फट तयार होते. तिला पॉकेट म्हणतात. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. आधी खोलवर सफाई केली जाते. त्यानंतरही ५-६ मिलिमीटर किंवा अधिक खोल पॉकेट उरले, तर हिरडी थोडी उघडून मुळाची सफाई करतात आणि ती परत टाके घालून बसवतात. याला फ्लॅप सर्जरी म्हणतात.

उघडलेल्या हिरडीच्या त्या पातळ पदराला रक्त फक्त एका बाजूने मिळते. धूम्रपानाने ते आणखी कमी झाले, की पदराची कड काळपट-पांढरट पडू शकते, टाके उसवू शकतात आणि हिरडी दाताला पुन्हा नीट चिकटत नाही. ओढणाऱ्यांमध्ये पॉकेट कमी भरतात. सरासरीत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दिसतो. ऐकायला लहान वाटते, पण पॉकेट साफ ठेवता येण्याजोगे राहणे आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येणे यांत कधीकधी तेवढेच अंतर असते. उघडे पडलेले मूळ झाकण्यासाठी टाळूची कातडी लावली असेल, तर तिथे हा फरक आणखी ठळक दिसतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. हिरडीचा आजार असला की ब्रश करताना रक्त येते, आणि त्यावरूनच लोक दंतवैद्याकडे जातात. ओढणाऱ्यांच्या हिरडीत रक्त कमी येते, म्हणून आजार आतून वाढत असला तरी रक्ताचा इशारा मिळत नाही. "माझ्या हिरड्या घट्ट आहेत, कधी रक्त येत नाही" असे सांगणाऱ्या बिडी ओढणाऱ्याचे हाड एक्स-रेमध्ये अर्धे गेलेले दिसू शकते. याच्या उलट, बिडी सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीतून थोडे जास्त रक्त येऊ लागते. घाबरून पुन्हा ओढायला सुरुवात करू नका. रक्तपुरवठा परत येत असल्याची ती खूण असते. सफाई झाली की तेही थांबते.

तंबाखू मळून खाणाऱ्यांचे काय?

आपल्याकडे हा प्रश्न टाळता येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ वर्षांवरील सुमारे ४ टक्के लोक धूम्रपान करत होते, तर सुमारे २४ टक्के लोक धूर नसलेला तंबाखू वापरत होते : चुना लावून मळलेला तंबाखू, खर्रा, २०१२ पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा आणि बायकांमध्ये मिश्री. म्हणजे आपल्या दवाखान्यात येणाऱ्या दर धूम्रपान करणाऱ्यामागे कितीतरी तंबाखू खाणारे असतात.

इम्प्लांटवरचे मोठे अभ्यास मुख्यतः सिगारेटवर झाले आहेत, म्हणून वरचे आकडे तंबाखू खाणाऱ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण निकोटीन त्यातही भरपूर असते. शिवाय जिथे गोळी धरली जाते, तिथली हिरडी खाली सरकते आणि चुना-तंबाखू थेट टाक्यांवर बसतो. सुपारी असलेल्या गुटखा-खर्ऱ्याने तोंडाचा पडदा आखडतो आणि तोंड कमी उघडते. तोंड तीन बोटे उभी मावण्याइतके उघडत नसेल, तर मागच्या दाढेजवळ ड्रिल नेणेच अवघड होते. त्यातच तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारे तोंड आले असेल, तर इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करून घ्या.

म्हणून पुढे जिथे "ओढणे बंद" लिहिले आहे, तिथे खाणे आणि मिश्री लावणेही बंद असे वाचावे. बिडी सोडून तंबाखूची पुडी सुरू करणे हा उपाय नाही.

किती आधी थांबावे?

शरीर वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेगाने दुरुस्त करते.

शेवटच्या बिडीनंतर साधारण एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि निकोटीनही बहुतांश कमी होते. म्हणजे शेवटच्या दिवशी थांबल्यानेही ऑक्सिजनचा फायदा होतो. "ऑपरेशनच्या तोंडावर अचानक सोडले तर उलटे नुकसान होते" हा जुना समज आहे. नंतरच्या अभ्यासांत तो टिकलेला नाही.

जंतूंशी लढणाऱ्या आणि जखम भरणाऱ्या पेशी पूर्वपदावर यायला मात्र काही आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सर्वच ऑपरेशनबद्दल सांगितले, की सुमारे चार आठवडे आधी तंबाखू सोडणाऱ्यांमध्ये गुंतागुंत कमी होते. दातांच्या इम्प्लांटसाठी बेन यांनी १९९६ मध्ये एक किमान वेळापत्रक सुचवले होते : ऑपरेशनच्या एक आठवडा आधी आणि आठ आठवडे नंतर पूर्ण बंद. त्यांचा अभ्यास लहान होता, पण ते वेळापत्रक पाळणाऱ्यांचा निकाल ओढत राहिलेल्यांपेक्षा स्पष्ट चांगला आला. एक आठवड्याची मर्यादा रक्त आणि निकोटीन यांच्यासाठी आहे, आठ आठवडे हाड धरण्यासाठी.

मी पेशंटना चार आठवडे आधी थांबायला सांगतो, त्याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. तंबाखू सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणे, तलफ हे सगळे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात जास्त असते आणि तीन-चार आठवड्यांत बरेच शांत होते. ऑपरेशनच्या दिवशीच सोडले, तर टाके दुखत असताना, जेवता येत नसताना तलफही शिगेला पोचते. बहुतेक जण तिथेच मोडतात. महिनाभर आधी सोडले, तर नाजूक दुसरा-तिसरा आठवडा येईपर्यंत तलफ मागे पडलेली असते.

एक उदाहरण : नोव्हेंबर ते एप्रिल

समजा, बदनापूर तालुक्यातले ५२ वर्षांचे शेतकरी काका आहेत. मोसंबीची बाग, रोज पंधरा-वीस बिड्या. खालची उजवी दाढ वर्षापूर्वी काढली आहे आणि बाकी दाढांभोवती ६ मिलिमीटरची पॉकेट आहेत. त्यांना इम्प्लांट हवे आहे.

हिरड्यांचा आजार तसाच ठेवून इम्प्लांट बसवता येत नाही. म्हणून सोयाबीन निघाल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोल सफाई होते. सफाईचा परिणाम पाहण्यासाठी दंतवैद्य सहा ते आठ आठवडे थांबतात. हा काळ कसाही जाणारच असतो. बिडी सोडण्यासाठी याहून सोयीची खिडकी नाही. काका १५ नोव्हेंबर ही तारीख ठरवतात. त्याच भेटीत मी त्यांची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, तपासतो. शुगर वाढलेली असेल तर जखम भरण्यात दुसरा अडथळा येतो आणि तोही याच काळात आवरता येतो.

डिसेंबरच्या शेवटी पुन्हा मोजणी होते. सफाई आणि बंद असलेली बिडी मिळून पॉकेट ४ मिलिमीटरवर आली, तर फ्लॅप सर्जरीची गरजच उरत नाही. ती ६ मिलिमीटरवरच राहिली, तर आधी फ्लॅप सर्जरी होते, आणि हिरडी भरून स्थिर झाल्यावर, काही महिन्यांनी, इम्प्लांट. आपल्या काकांची ४ वर आली आहेत असे धरू.

१५ जानेवारीला इम्प्लांट बसते. तोवर बिडी बंद होऊन दोन महिने झालेले असतात. २९ जानेवारी ते १२ फेब्रुवारी हा वर सांगितलेला नाजूक काळ. त्या बाजूने चावायचे नाही, कडक भाकरी दुसऱ्या बाजूने किंवा कुस्करून खायची, आणि लग्नसराईत कुणी बिडी पुढे केली तरी नाही म्हणायचे. १२ मार्चला आठ आठवडे पूर्ण होतात. एप्रिलच्या मध्यावर दंतवैद्य एक्स-रे पाहून, इम्प्लांट घट्ट असल्याची खात्री करून क्राऊनचे माप घेतात. जूनच्या पेरणीची धांदल आणि त्यासोबत येणारी बांधावरची बिडी सुरू होण्याआधी सगळे उरकलेले असते.

मध्येच एखादी ओढली गेली तर? त्याच दिवशी पुन्हा थांबा आणि दंतवैद्यांना सांगा. एका बिडीने इम्प्लांट पडत नाही. पण लपवले, तर ते नेहमीच्या तारखेला क्राऊन बसवतील. सांगितले, तर एखादा महिना जास्त थांबून, पकड तपासून बसवतील.

दाढ सडून पू झाला असेल, चेहरा सुजला असेल, तर मात्र चार आठवडे थांबण्याचा प्रश्नच नाही. दात लगेच काढावा लागतो. तेव्हा त्या क्षणापासून बंद करा आणि निदान पुढचे ७२ तास तरी कडेकोट पाळा. ओढताना तोंडात जो खेच बसतो, त्याने आणि धुराने खड्ड्यातली गुठळी निघू शकते. मग हाड उघडे पडून तीव्र कळा येतात. याला ड्राय सॉकेट म्हणतात.

तलफेसाठी काय घ्यावे?

निकोटीनची २ मिलिग्रॅमची च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते. सोडण्याच्या पहिल्या महिन्यात ती चांगली मदत करते. पण ताज्या टाक्यांवर काही चघळणे योग्य नाही. म्हणून ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे गमऐवजी त्वचेवर लावायचा पॅच बरा. निकोटीन त्यातही असते, पण कार्बन मोनॉक्साइड आणि धुरातली इतर विषे नसतात. बिडीशी तुलना केली तर पॅच केव्हाही परवडतो. व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपियॉन या गोळ्या सोडण्याच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू कराव्या लागतात आणि त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. फिट येण्याचा त्रास असलेल्यांना बुप्रोपियॉन चालत नाही. फोनवर सल्ला हवा असेल, तर केंद्र सरकारची मोफत क्विटलाइन १८००-११-२३५६ ही आहे.

काय दिसले तर लगेच दाखवावे?

ऑपरेशननंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि मग उतरते. हे नेहमीचे आहे. चौथ्या दिवसानंतर दुखणे वाढत गेले, तोंडाला घाण चव किंवा वास आला, टाक्याची कड पांढरट-राखाडी दिसली, टाका उसवून आतला धातू दिसू लागला, पू आला, किंवा ओठ-हनुवटी बधिर राहिली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

इम्प्लांट धरले नाही, तर ते जिभेने ढकलल्यावर किंचित फिरल्यासारखे, हलल्यासारखे वाटते. त्यात दुखतेच असे नाही. क्राऊन बसल्यावर फक्त क्राऊनचा स्क्रू सैल झाला तरी असेच वाटू शकते, आणि ते दुरुस्त होते. यातले काय झाले आहे, हे दंतवैद्यच एक्स-रे काढून सांगू शकतात. घरी फिरवून पाहू नका.

आठ आठवड्यांनंतर पुन्हा ओढले तर चालेल का?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. आठ आठवड्यांनी पहिला धोका, म्हणजे हाडाने स्क्रू न धरण्याचा, बराच मागे पडतो. दुसरा धोका मात्र त्यानंतर सुरू होतो. इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजून आतले हाड हळूहळू झिजते. याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात आणि तो वर्षांनुवर्षे चालतो. खऱ्या दाताभोवती हाडाशी जोडणाऱ्या तंतूंची गादी असते, इम्प्लांटभोवती ती नसते, त्यामुळे तो बराच झिजेपर्यंत दुखत नाही. ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तही कमी येते. दोन्ही इशारे बंद असल्यावर कळते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पुन्हा सुरू केलेच, तर निदान दर तीन महिन्यांनी सफाई आणि दंतवैद्य सांगतील तेव्हा एक्स-रे चुकवू नका.

सोडूनच दिले, तर हिरड्यांच्या आजाराचा धोका वर्षागणिक कमी होतो आणि सुमारे दहा वर्षांत न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो.

दंतवैद्याकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या : रोज काय आणि किती घेता (बिड्या, सिगारेट, पुड्या, मिश्री), शेवटचे कधी घेतले, आणि कोणत्या तारखेपासून बंद करणार. ऑपरेशनची तारीख या तिसऱ्या तारखेच्या चार आठवड्यांनंतरची मागा. घाई नसलेल्या कामात ती तारीख बहुतेक दंतवैद्य आनंदाने देतात.